मेलबर्नमधलं उष्टावण: शेंगदाणा आणि अंडं

मेलबर्नला लोक फूड ॲलर्जीची राजधानी म्हणतात, ते उगाच नाही. 2011 साली इथल्या ‘हेल्थनट्स’ अभ्यासाचे आकडे आले. वर्षाच्या आसपासच्या बाळांपैकी दहा टक्क्यांहून जास्त बाळांना कुठल्या ना कुठल्या पदार्थाची ॲलर्जी निघाली. सगळ्यात जास्त अंड्याची, त्याखालोखाल शेंगदाण्याची. आणि हे आकडे आईवडिलांना विचारून काढलेले नव्हते. संशय असलेल्या बाळांना डॉक्टरांच्या देखरेखीत तो पदार्थ खायला घालून पाहिलं होतं.

त्यामुळे आमचा लेक चार महिन्यांचा झाला तेव्हा सरकारी बाल-आरोग्य नर्स वरणभाताबद्दल विचारेल असं मला वाटलं होतं. तिने आधी त्याचे कपडे काढून कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या वळ्या पाहिल्या. त्याला एक्झिमा होता, गालांवर आणि वळ्यांमध्ये लाल, खरखरीत चट्टे. मग विचारलं, “मालिशला तेल कुठलं?”

तेल बदामाचं होतं. आमच्या अहो आईंनी नाशिकहून आणलेलं, सोबत आंघोळीला डाळीचं पीठ. नर्सने दोन्ही बंद करायला सांगितलं, आणि अहो आईंचा चेहरा उतरला. चार पोरं याच तेलावर वाढवली, असं त्या म्हणाल्या. ते खरंच आहे, आणि कातडी धड असेल तर बहुतेकांचं काही बिघडत नाही. पण एक्झिमाची कातडी फाटलेली असते. तिच्यातून अन्नाचे कण आत शिरले की शरीर त्यांना शत्रू समजायला शिकतं. तेच अन्न पोटातून आलं तर शरीर त्याला आपलं म्हणायला शिकतं. मग कातडीने आधी गाठलं की तोंडाने, यावर बरंच ठरतं. ब्रिटनमधल्या 2003 सालच्या एका अभ्यासात शेंगदाण्याचं तेल असलेली मलमं लावलेल्या बाळांमध्ये शेंगदाण्याची ॲलर्जी जास्त दिसली होती.

हे ऐकून मला आमचं स्वयंपाकघर आठवलं. आपल्याकडे दाण्याचं कूट म्हणजे रोजचं. कोशिंबिरीत, भाजीत, खिचडीत. मिक्सर उघडला की ते ओट्यावर, हातांवर, ओढणीवर उडतं, आणि त्याच हातांनी बाळ उचललं जातं. म्हणजे बाळाच्या कातडीला दाणे रोज भेटतात, पोटाला मात्र कधीच नाही. घरात दाणे असतील तर बाळाने ते खायलाही हवेत, ही गोष्ट मला तिथे उमगली.

पूर्वी सल्ला नेमका उलटा होता. 2000 साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने ॲलर्जीचा धोका असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत दाणे देऊ नका असं सांगितलं होतं. मग लंडनचे संशोधक गिडिऑन लॅक यांच्या गटाने 640 बाळं घेतली, सगळी धोक्यातली: जबर एक्झिमा किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली. निम्म्यांना दाणे नियमित दिले, निम्म्यांना अजिबात नाही. 2015 मध्ये निकाल आला. पाच वर्षांचे होईपर्यंत न खाणाऱ्यांपैकी 17.2 टक्क्यांना दाण्याची ॲलर्जी झाली, खाणाऱ्यांपैकी 3.2 टक्क्यांना. हल्ली इथला सल्ला सरळ आहे: सहा महिन्यांच्या सुमारास, चार महिन्यांआधी नाही, आणि पहिल्या वाढदिवसाच्या आत अंडं आणि दाणे दोन्ही सुरू करा. एक्झिमा जबर असेल, किंवा एखाद्या पदार्थाची ॲलर्जी आधीच निघाली असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला.

तो मान धरून बसायला लागल्यावर, पेज आणि रताळं अंगवळणी पडल्यावर आम्ही सुरुवात केली. अख्खा दाणा किंवा जाडसर कूट बाळाला देत नाहीत, श्वासनलिकेत अडकतं. सुकं बारीक कूटही ठसका लावतं. गुळगुळीत, साखर न घातलेलं पीनट बटर कोमट पाण्यात पातळ केलं. पहिल्यांदा ओठाच्या आतल्या बाजूला किंचित लावून काही मिनिटं पाहिलं. गालाला लावून ‘तपासणं’ करू नये, त्यातून काही कळत नाही आणि एक्झिमाच्या कातडीला तर नकोच. मग पाव चमचा रताळ्यात कालवून. पुढच्या वेळी अर्धा. एका वेळी एकच नवा पदार्थ, म्हणजे काही झालं तर कशामुळे ते कळतं. वेळ सकाळची, बाळ ठणठणीत असताना, आणि नंतरचे दोन तास झोपवायचं नाही, कारण बहुतेक रिॲक्शन काही मिनिटांत, फार तर दोन तासांत दिसते. झोपलेल्या बाळाकडे कोण बघतंय!

दाणे पचले. अंड्यावर मात्र घसरलो.

अंडं टणक उकडून, पांढरं-पिवळं दोन्ही चुरून दिलं होतं. कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं बाळाला देत नाहीत. ओठाला लावलं तेव्हा काही नाही, पाव चमच्यालाही नाही. अर्ध्या चमच्याच्या दिवशी थोड्याच वेळात हनुवटी लाल झाली. ते मी सोडून दिलं असतं, कारण टोमॅटो किंवा संत्र्यानेही तोंडाभोवती असं लाल होतं. जिथे अन्न लागलं तिथेच दिसतं आणि पुसल्यावर थोड्या वेळात जातं. पण मग पोटावर गांधी उठल्या, जिथे अंडं लागलंच नव्हतं, आणि वरचा ओठ सुजला. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे.

अंडं थांबवलं, कपडे काढून अंगभर पाहिलं, फोटो काढले (डॉक्टरकडे पोचेपर्यंत गांधी गायब होतात), आणि क्लिनिकला फोन करून औषध नि मात्रा विचारली. गुंगी न आणणारंच औषध सांगितलं, कारण गुंगी आली तर बाळ औषधाने सुस्त आहे की रिॲक्शनने हे कळत नाही. नंतर त्याच्या श्वासाकडे कान लावून बसलो. घरघर, सततचा खोकला, बसलेला रडण्याचा आवाज, सुजलेली जीभ, किंवा बाळ पांढरंफटक आणि लुळं पडणं, यातलं एकही दिसलं तर 000 लावायचा होता (आपल्याकडे 108), आणि बाळाला उभं न धरता हातांवर आडवं ठेवायचं होतं. ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन हाताशी असेल तर ते आधी. यातलं काही झालं नाही. दुपारपर्यंत तो पुन्हा खेळायला लागला.

ॲलर्जीचा एक वेगळा प्रकार नर्सने आधीच सांगून ठेवला होता. खाल्ल्यावर तासा-चार तासांनी एकामागून एक उलट्या, बाळ फिकट, पण अंगावर गांधी नाहीत. ऑस्ट्रेलियात याला सगळ्यात जास्त वेळा कारणीभूत ठरतो तो तांदूळ. पेजेवर वाढलेल्या आम्हाला हे पचायला अवघड गेलं. याची स्किन टेस्ट बहुधा निगेटिव्ह येते, म्हणून ‘पोट बिघडलं असेल’ म्हणून सुटून जातं.

ॲलर्जी तज्ज्ञांनी स्किन प्रिक टेस्ट केली, म्हणजे कातडीवर त्या-त्या पदार्थाचा थेंब टाकून हलकंसं टोचलं. अंड्याचा फोड चांगला मोठा उठला, दाण्याचाही छोटासा. दाणे बंद करायचे का, हे मी विचारलं. त्या म्हणाल्या, “खातोय ना? मग टेस्ट काय म्हणते ते विसरा, खायला घालत राहा.” आठवड्यातून दोनदा तरी. थांबवलं तर जमलेलं मोडू शकतं. अंड्याच्या ॲलर्जीतून बरीच मुलं लहानपणीच बाहेर पडतात, दाण्याच्या ॲलर्जीतून कमी.

आता अंडं पूर्ण बंद आहे. पुढची पायरी केकमध्ये भाजलेलं अंडं, तीही क्लिनिकमध्ये, त्यांच्यासमोर. अहो आईंनी मालिशसाठी वासरहित पॅराफिनचं मलम मान्य केलंय, नाखुशीने. आणि दर मंगळवारी-शुक्रवारी त्याच्या दुधीत दाण्याची पेस्ट त्याच कालवतात.