जाळ आणि जळण

“सर, सगळंच शून्य म्हटल्यावर दुःख पण नाही, मार्ग पण नाही. मग दर रविवारी कशाला बसायलोय आपण इथं?”

निपाणीत आमचा एक लहानसा वाचनगट आहे, एम.ए.ला पाली-बौद्ध विषय घेतलेली पोरं आणि दोनतीन निवृत्त मास्तर. नागार्जुन या बौद्ध तत्त्वज्ञाच्या मूलमध्यमककारिकेचं चोविसावं प्रकरण आलं की कोणी ना कोणी हे विचारतंच. विचारणाऱ्याने ओशाळायचं कारण नाही. नागार्जुनाने त्या प्रकरणाची सुरुवातच या आक्षेपाने केली आहे. पहिल्या सहा कारिका प्रतिपक्षाच्या तोंडी आहेत आणि पहिलीच अशी:

यदि शून्यमिदं सर्वमुदयो नास्ति न व्ययः ।
चतुर्णामार्यसत्यानामभावस्ते प्रसज्यते ॥

हे सगळं शून्य असेल तर काही उपजत नाही, काही संपत नाही, आणि दुःख, त्याचं कारण, त्याचा अंत आणि त्याकडे नेणारा मार्ग ही चार आर्यसत्यं तुझ्या मतात उरतच नाहीत. पुढे विसाव्या कारिकेत नागार्जुन हाच श्लोक परत करतो. एक अक्षर तेवढं वाढवतो: ‘यदि शून्यम्’च्या जागी ‘यद्यशून्यम्’. बाकी शब्दन् शब्द तोच. म्हणजे तू जो दोष माझ्यावर टाकलास तो तुझाच आहे. वस्तू शून्य नसत्या तरच आर्यसत्यं बुडाली असती. मधल्या एका कारिकेत तो प्रतिपक्षाला म्हणतो, घोड्यावर बसलायस आणि घोडाच विसरलास. हा ‘अ’ कुठून आला ते कळलं की प्रश्नाचं उत्तर मिळतं. म्हणून मी थेट तिथे जात नाही, आधी दहाव्या प्रकरणातून जातो.

पूर्वी मी वेगळं उदाहरण द्यायचो, आमच्याकडे आयतं पडलेलं. निपाणीहून कागलकडे निघालं की कोगनोळीच्या पुढे राज्य बदलतं. माती तीच, ऊस तोच, पाट्यांवरचं कन्नड जातं आणि मराठी येतं. १ नोव्हेंबर १९५६च्या आधी ही रेघ इथे नव्हती, तेव्हा निपाणी मुंबई राज्यातच. मी सांगायचो, बघा, सीमा मातीत कुठे सापडत नाही, तरी नाक्यावर गाडी अडते. शून्यता म्हणजे हेच! पोरं खूश व्हायची, आमच्या भागात सीमेचं उदाहरण कोणाला नको? एकदा एका मुलीने विचारलं, “सर, हे तर वैभाषिक पण मान्य करतील. मग नागार्जुनाने नवीन काय सांगितलं?”

तिचं बरोबर होतं. वैभाषिक म्हणजे अभिधर्म मानणारा जुना बौद्ध पंथ, आणि त्यांच्या अभिधर्माची कसोटी हीच आहे: तुकडे केल्यावर किंवा मनाने वेगळं केल्यावर जिची जाणीव उरत नाही ती वस्तू नावापुरती, प्रज्ञप्तिसत्. घडा फुटला की ‘घडा’ ही जाणीव गेली. पण घड्याचे कण, त्यांचा कठीणपणा, हे धर्म, म्हणजे मूळ घटक, खरोखर आहेत, त्यांना आपापला स्वभाव आहे असं ते धरतात. सीमेचं उदाहरण या कुंपणाच्या अलीकडेच थांबतं. नावापुरत्या गोष्टी सोडून दिल्या आणि त्यांच्या खालचं ठोस तळ तसंच ठेवलं. नागार्जुनाला ते तळ तपासायचं आहे. त्या दिवसापासून सीमा सोडली आणि गुऱ्हाळ धरलं.

दिवाळीनंतर आमच्या बाजूला गुऱ्हाळं लागतात. काहिलीखाली चुलवाण धडधडत असतं आणि त्याच्या तोंडाशी बसलेला माणूस वाळलेली चिपाडं सतत आत सारत असतो. आता जाळ आणि जळण या दोन गोष्टी घ्या. मराठीत दोन्ही शब्द एकाच धातूचे आहेत, संस्कृतातलं ‘इन्धन’ही पेटणं या अर्थाच्या धातूवरूनच आलंय. अग्नी-इंधन परीक्षा हे दहावं प्रकरण या जोडीवरच आहे.

आधी ‘स्वभाव’ म्हणजे काय ते पक्कं करा, नाहीतर पुढचं सगळं शब्दांचा खेळ वाटतं. पंधराव्या प्रकरणात व्याख्या आहे: अकृत्रिम आणि परनिरपेक्ष. कोणी घडवलेला नाही, दुसऱ्यावर टेकलेला नाही. ‘उसाचा स्वभाव गोड’ असं आपण बोलतो तो स्वभाव इथे नाही. स्वतःच्या बळावर उभं असणं, एवढाच अर्थ.

आता जाळाला असा स्वभाव आहे असं धरून बघू. तसा असेल तर जळणाशी त्याचं नातं दोनच प्रकारचं असू शकतं: दोन्ही एकच, नाहीतर दोन्ही स्वतंत्र. एकच म्हणावं तर जाळणारा आणि जळणारं एक होतात. कुंभार आणि मडकं एकच म्हटल्यासारखं. चिपाडाचा ढीग बाहेर पडलेला असतानाच तो जाळ असायला हवा. वेगळे म्हणावेत तर जाळ चिपाडावाचूनही राहिला पाहिजे. मग तो कायम पेटलेला असेल, पेटवायला काही लागणार नाही, आणि चुलवाणासमोर बसलेल्या माणसाला घरी जायला हरकत नाही.

इथे हुशार पोरगा म्हणतो, “एक नाहीत, वेगळे पण नाहीत, एकमेकांवर अवलंबून आहेत. झालं की!” नागार्जुन हा मार्गही बंद करतो, आणि प्रकरणाचा जीव इथेच आहे. जाळ जळणावर अवलंबून, मान्य. पण चिपाडाला जळण कशामुळे म्हणायचं? ते जळतं म्हणून. उसाचा रस काढून नुकतंच बाजूला टाकलेलं ओलं चिपाड घ्या. ते जळण नाही, अजून नुसतं चिपाड आहे. पेटेल तेव्हा ते जळण. म्हणजे जळण ठरायला जाळ लागतो आणि जाळ ठरायला जळण. यात आधी कोण सिद्ध झालं? जाळ आधीच सिद्ध असेल तर त्याला टेकू कशाला हवा? आणि जो अजून सिद्धच नाही तो कशावर टेकणार? टेकायला आधी कोणीतरी असावं लागतं.

या ठिकाणी खोलीत शांतता होते आणि कोणीतरी हळूच म्हणतं, “म्हणजे जाळ नाहीच.” पाय घसरतो तो इथेच. गुळाच्या वासाने अख्खा मळा भरलाय आणि आपण म्हणतोय जाळ नाही! वरच्या सगळ्या अडचणी कशामुळे आल्या ते परत बघा. एकच की वेगळे, आधी कोण आणि नंतर कोण, हे प्रश्न तेव्हाच गळफास होतात जेव्हा दोघांपैकी एकाला तरी स्वतःच्या बळावर उभं धरलेलं असतं. ते गृहीत काढून घेतलं की फास सुटतो. एकमेकांना टेकून उभ्या केलेल्या दोन पेंढ्यांत ‘आधी उभी कोण राहिली’ असं कोणी विचारत नाही. तर्काने जे मोडलं ते जाळाचं स्वतंत्र असणं होतं. जाळ होता तसा आहे, काहीलही उकळतेय.

मुंडगोडच्या तिबेटी वसाहतीतल्या भिक्खूंचा वाद एकदा उभं राहून बघितला होता. टाळी वाजवून प्रश्न फेकतात. भाषा एक अक्षर कळत नव्हती. शेजारच्या एका तरुण भिक्खूने हिंदीत सांगितलं की आमच्याकडे पहिला प्रश्न असतो, तू नक्की काय नाकारतोयस? जास्त नाकारलंस तर जाळच जातो. कमी नाकारलंस तर नावापुरत्या गोष्टी जातात आणि स्वभाव खाली शाबूत राहतो. माझ्या सीमेच्या उदाहरणाची खोड हीच, कमी नाकारणं.

आता चोविसाव्यातली अठरावी कारिका घेतो:

यः प्रतीत्यसमुत्पादः शून्यतां तां प्रचक्ष्महे ।
सा प्रज्ञप्तिरुपादाय प्रतिपत्सैव मध्यमा ॥

पहिली ओळ सरळ आहे. कशाला तरी धरून उपजणं, त्यालाच आम्ही शून्यता म्हणतो. चुलवाणाजवळ बघितलं ते हेच: धरून उपजतं म्हणूनच स्वतःच्या बळावर उभं नाही. दुसरी ओळ लोक घाईत वाचतात. ‘सा’ म्हणजे ती शून्यता. ती स्वतःही प्रज्ञप्ती आहे, ‘उपादाय’, म्हणजे कशाच्या तरी आधाराने केलेला निर्देश. पालीत ‘उपादान’ शब्दाचा एक अर्थ जळण असाच आहे, दुसरा आसक्ती. शून्यतेलाही जळण लागतं. जाळाची शून्यता जाळाला धरूनच बोलता येते. जाळ बाजूला काढून खाली ‘शून्य’ नावाचं काही शिल्लक पडत नाही. आमच्या भागात लिंगायत मठांमुळे अल्लमप्रभूंचं शून्य कानावर असतं, म्हणून पोरं इथे गोंधळतात. ते शून्य गाठायचं पद आहे. हे तसं नाही.

नागार्जुनाचा टीकाकार चंद्रकीर्ती, त्याने प्रसन्नपदा या टीकेत यावर दुकानदाराची गोष्ट दिली आहे. दुकानदार म्हणतो, “तुला द्यायला माझ्याकडे काहीच नाही.” गिऱ्हाईक म्हणतं, “मग ते ‘काहीच नाही’ तेवढं दे.” त्याला काय समजावणार? शून्यतेलाच मत करून बसलेल्याला नागार्जुन असाध्य म्हणतो, तो असा.

आणि ‘मध्यमा’ म्हणजे थोडं आहे, थोडं नाही, अशी तडजोड नव्हे. ‘आहे’ हा शाश्वतवाद आणि ‘नाही’ हा उच्छेदवाद, दोन्ही आधी स्वभाव धरून चालतात. एक म्हणतो तो टिकतो, दुसरा म्हणतो तो होता आणि गेला. मूळ गृहीतच गेल्यावर दोघांनाही बसायला जागा राहत नाही.

आता तो ‘अ’. दुःखाला स्वभाव आहे असं धरा. मग ते कशामुळे उपजलेलं नाही. तृष्णा हे त्याचं कारण म्हणता येणार नाही आणि दुसरं सत्य गेलं. जे उपजलेलं नाही ते संपणारही नाही, तिसरं गेलं. मार्गालाही स्वभाव असेल तर तो आधीच पुरा आहे, त्याचा अभ्यास करायचा काय? चौथं गेलं. रविवारचं बसणं फुकट जातं ते असं, दुःख शून्य नसेल तर. दुःख चिपाडावरच्या जाळासारखं असेल तर सारणं थांबवता येतं.

हे सांगून झालं की प्रश्न विचारणारा मुलगा बहुतेक वेळा वहीतून डोकं काढून अखेरची खोडी काढतो. “मग सर, तुमचं वाक्य पण शून्यच. शून्य वाक्याने दुसऱ्याचं मत कसं मोडणार?” ही खोडीही जुनीच आहे, नागार्जुनाच्याच विग्रहव्यावर्तनी या ग्रंथात ती आहे. उत्तर असं दिलंय की गाडी स्वभावाने शून्य आहे, तरी लाकूड, गवत, माती वाहते. माझं वाक्यही तेवढंच काम करतं. गेल्या रविवारी मी हे सांगत होतो तेव्हा रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर चालला होता, मागे दोन ट्रॉल्या, आणि त्याच्या आवाजात मला ते वाक्य दोनदा म्हणावं लागलं.