थेंब टाकण्यापूर्वी

त्या सकाळी बाह्यरुग्ण विभागात गर्दी होती आणि सहकारी ताईंनी बाहुली मोठी करणारे थेंब हातात घेतलेही होते. २६ वर्षांच्या त्या तरुणीच्या कागदावर 'उजव्या डोळ्याने धूसर दिसते, चष्म्याने फरक नाही' एवढेच लिहिलेले होते. मी थेंब थांबवले, कारण बाजूला पाहताना डोळ्यामागे कळ येते, असे ती आईला सांगत असल्याचे माझ्या कानावर पडले होते.

चार दिवसांत तिची दृष्टी ६/६० पर्यंत उतरली होती. माझ्या औषधाच्या लाल झाकणाचा रंग तिला डाव्या डोळ्याने लालभडक आणि उजव्याने विटकरी दिसत होता. खोली अंधारी करून मी टॉर्चचा झोत आळीपाळीने दोन्ही डोळ्यांवर नेला. झोत डावीकडून उजवीकडे आला की बाहुली आकसण्याऐवजी हळूच पसरत होती. थेंब आधी पडले असते, तर डोळ्याकडून मेंदूकडे संदेश नेणारा मज्जातंतू, म्हणजे ऑप्टिक नर्व्ह, दुखावल्याची ही खूण हाती लागली नसती. दृष्टिपटल मात्र निर्दोष होते आणि ऑप्टिक नर्व्हच्या तोंडाशी सूजही नव्हती. ऑप्टिक न्युरायटिस, म्हणजे या नर्व्हची सूज, असलेल्या रुग्णांपैकी सुमारे दोनतृतीयांशांत सूज डोळ्याच्या मागे असते, त्यामुळे 'डोळा नॉर्मल आहे' असे सांगून त्यांना घरी पाठवले जाण्याची मला नेहमी धास्ती वाटते.

एमआरआयमध्ये उजव्या ऑप्टिक नर्व्हची सूज दिसलीच, शिवाय मेंदूतील पोकळ्यांलगत दोन पांढरे ठिपके होते. आईने विचारले, ''डॉक्टर, नुसत्या गोळ्यांवर नाही का भागणार?'' १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत साध्या मात्रेच्या स्टेरॉइड गोळ्या एकट्याच घेणाऱ्यांना हा त्रास अधिक वेळा उलटला होता, म्हणून मी शिरेतून रोज १ ग्रॅम मिथिलप्रेडनिसोलोन तीन दिवस आणि त्यानंतरच गोळ्या, असे ठरवले. या औषधाने दृष्टी लवकर परतते, पण वर्षअखेरीची दृष्टी त्याने फारशी बदलत नाही, हेही मी त्यांना सांगितले.

ठिपक्यांविषयी बोलणे अवघड होते. त्याच चाचणीतील रुग्णांच्या पाठपुराव्यात, सुरुवातीला एक तरी ठिपका असलेल्यांपैकी ७२ टक्क्यांना पंधरा वर्षांत मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूतील मज्जातंतूंची आवरणे झिजवणारा आजार, झाला, तर एकही नसलेल्यांपैकी २५ टक्क्यांना. ''म्हणजे मला तो आजार झालाच आहे का?'' असे तिने विचारले तेव्हा मी म्हटले, ''आज एवढ्यावरून तसे म्हणता येणार नाही. पण मेंदूविकारतज्ज्ञांना भेटणे टाळू नका, कारण आता तो आजार लवकर रोखणारी औषधे आहेत.'' अ‍ॅक्वापोरिन-४ आणि मॉग या प्रतिपिंडांसाठी रक्तही पाठवले, कारण असाच दिसणारा पण वेगळ्या उपचाराचा आजार त्यातून ओळखता येतो. दोन्ही चाचण्या निगेटिव्ह आल्या.

पाच आठवड्यांनी तिची दृष्टी ६/९ झाली होती. लाल झाकण अजून थोडे फिके दिसत होते आणि गरम पाण्याने अंघोळ केली की तो डोळा काही मिनिटे धूसर होतो, अशी तिची नवी तक्रार होती. आवरण झिजलेल्या नर्व्हमधून उष्णतेने संदेश मंदावतात आणि अंग निवले की दृष्टी पूर्ववत होते, तो नवा झटका नव्हे, हे समजल्यावर तिने सुटकेचा श्वास सोडला.