फ्लॅटच्या फोटोतून काय काढलं आणि काय नाही: एजंटला पाठवलेल्या मेलची गोष्ट (माझा अनुभव)

आईचा नेरूळचा वन बीएचके विकायला काढला तेव्हा मला वाटलं होतं की खरी डोकेदुखी सोसायटीच्या एनओसीची असणार, पण अडलं कुठे तर फोटोंवर. जुनी चार मजली बिल्डिंग, आमचं घर वरच्या मजल्यावर, म्हणजे डोक्यावर थेट गच्ची. पावसाळ्यात बेडरूमच्या छताच्या कोपऱ्यात ओल येते आणि तिथला गिलावा फुगलाय. हे आम्ही लपवणार नव्हतोच, पण लपलं गेलं.

झालं असं की फोटो काढले तेव्हा आई तिथेच राहत होती, त्यामुळे वॉकर, औषधांचा डबा, दोरीवरचे कपडे, फ्रीजवर चिकटवलेलं लाइटचं बिल असं सगळंच फोटोत आलं. भाच्याने रात्री बसून फोनवर सगळं पुसलं, बोट फिरवलं की वस्तू गायब, एजंटने लगेच ते फोटो टाकले आणि पहिल्याच रविवारी पनवेलहून एक कुटुंब आलं. त्यातल्या काकूंनी बेडरूममध्ये वर बघितलं आणि म्हणाल्या, "फोटोत तर हे नव्हतं." बाकी काही बोलल्या नाहीत, चहासुद्धा घेतला नाही.

त्यांना स्टेशनकडे जाणाऱ्या रिक्षात बसवलं आणि घरी येऊन मूळ फोटो आणि पुसलेला फोटो लॅपटॉपवर एकाच आकारात उघडले, एकावरून दुसऱ्यावर उड्या मारत बघत बसले. तेव्हा कळलं. कोपऱ्यातली कपड्यांची दोरी पुसताना बोट थोडं जाडच फिरलं होतं, आणि दोरीच्या मागची पिवळी ओल पण तिच्याबरोबर गेली होती. पुसलेल्या जागी खरं काय आहे ते फोनला माहीतच नसतं, तो आजूबाजूची भिंत बघून अंदाजाने भरतो, आणि आजूबाजूची भिंत स्वच्छ होती! हॉलमध्ये तर वॉकर गेला होता पण त्याची सावली लादीवर तशीच, आणि लाद्यांमधली रेघ एका जागी वाकडी. एकदा दिसलं की मग तेच दिसत राहतं.

म्हणून मी स्वतःसाठी एक साधा हिशोब केला. जे सामान टेम्पोत चढून आमच्याबरोबर जाणार ते फोटोतून गेलं तर कोणाचं काही बिघडत नाही, आणि जे घराबरोबर मागे राहणार, चांगलं वाईट काहीही, त्याला हात लावायचा नाही. पण यात एक मेख आहे. कपाट टेम्पोत जाणारच, मग फोनवर कपाट पुसलं तर? त्याच्या मागची भिंत कशी आहे हे आम्ही बारा वर्षांत बघितलेलं नाही, आणि फोन तिथे मस्त कोरी भिंत काढून देणार. म्हणून ठरवलं की भिंतीला टेकलेली मोठी वस्तू फोनवर पुसायची नाही, ती खरंच सरकवायची आणि फोटो परत काढायचा. भावाने आणि वॉचमनने मिळून कपाट ओढलं, मागे खाली पोपडे निघालेले, म्हणजे शेजारच्या बाथरूमची ओल इकडे पण झिरपतेय. आम्हालाच नवीन बातमी!

नवे फोटो दुपारी खिडक्या उघड्या ठेवून काढले, कोणताही फिल्टर नाही, कारण ऑटो ब्राइटनेस लावला की पिवळी ओल पांढऱ्या भिंतीत मिसळून जाते. खोली मोठी दाखवणारी वाइड लेन्स पण नाही. जिथे गरज वाटली तिथे खराबीचे दोन फोटो काढले, एक लांबून म्हणजे ती खोलीत नक्की कुठे आहे ते कळतं, आणि एक जवळून. किचनच्या ओट्याला तडा आहे तिथे शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवलं, नाहीतर जवळून काढलेला तडा दरीएवढा दिसतो.

मग एजंटला मेल लिहिला. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवले तर साइज कमी होऊन बारीक तडे पुसट होतात, आणि मेल लेखी राहतो हा दुसरा फायदा. तीन वेळा खोडून शेवटी हा गेला:

"नमस्कार दादा, आधीचे सगळे फोटो कृपया काढून टाका, त्यात आमच्याकडून चूक झाली होती. नवीन अकरा फोटो जोडलेत. त्यातल्या १, ३ आणि ४ मधून आम्ही सामान पुसलंय, बाकीच्यांत काहीच बदललेलं नाही. १ मधून दारावरची नावाची पाटी आणि आमची चपलांची रॅक. ३ मधून वॉकर आणि वडिलांचा हाराचा फोटो, खिळा मात्र ठेवलाय कारण तो भिंतीतच राहणार आहे. ४ मधून फ्रीजवरचं बिल, त्यावर ग्राहक क्रमांक होता. तिन्हीचे मूळ फोटो त्याच नंबरने वेगळे जोडलेत, कोणी मागितले तर बिनधास्त दाखवा.

खालच्या गोष्टी दिसल्याच पाहिजेत, त्या कापू नका आणि उजळ करू नका. ६ आणि ७, बेडरूमच्या छताचा कोपरा, ओल आणि फुगलेला गिलावा. ८, कपाटामागचे पोपडे. ९ आणि १०, ओट्याचा तडा. ११, बाल्कनीच्या ग्रिलचा गंज. फोटो ५ मधला एसी आम्ही घेऊन जाणार आहोत, पण तो पुसलेला नाही, कारण त्याच्या मागे पाइपचं भोक आहे. फोटोखाली 'एसी किमतीत धरलेला नाही' एवढं लिहा."

एसीवरून घरात बराच वाद झाला. ठेवला तर घेणाऱ्याला वाटणार एसी मिळतोय, पुसला तर भिंत अखंड वाटणार, म्हणून शेवटी फोटोखाली ओळ लिहायचा मार्ग काढला.

अर्ध्या तासात एजंटचा फोन. "ताई, एवढं दाखवलंत तर गिऱ्हाईक जिना चढणारच नाही, ७ नंबर तरी काढूया, आले की तोंडी सांगू." माणूस वाईट नाही, त्याला कमिशन हवंय आणि चार मजले बिनलिफ्टचे आहेत. पण मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२, त्याच्या कलम ५५ मध्ये विकणाऱ्यावर जबाबदारी टाकलेली आहे की त्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या पाहणीत सापडणार नाही असा मोठा दोष सांगायचा. छताची ओल मे महिन्यात सुकून फिकी पडते, तेव्हा बघायला येणाऱ्याला ती कळेलच असं नाही, आणि कपाटामागे तर कोणी बघतच नाही. हे त्यांना वकिली न करता सांगितलं, "दादा, पावसाळ्यात तो माणूस फोन मला करणार, तुम्हाला नाही." हसले आणि हो म्हणाले.

तरी दोन दिवसांनी बघते तर ७ नंबर गायब आणि ६ वरून कापलेला, छत सुरू होतं तिथेच फोटो संपलेला. परत मेल, त्याच मेलला उत्तर म्हणून, एकच ओळ: ६ पूर्ण आणि ७ परत टाका. संध्याकाळी दोन्ही फोटो परत आले.

फोन कमी झाले हे खरंय, आधी दिवसाला चार-पाच यायचे ते आता दोन. पण परवा सानपाड्याचे एक गृहस्थ आले ते सरळ बेडरूममध्ये गेले, वर बघितलं, खिशातून टेप काढला आणि विचारलं, "गच्चीचं वॉटरप्रूफिंग सोसायटी करणार की वरच्या मजल्यावाले?" यावर बोलणी चालू आहेत, आणि सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला रविवारी भेटायला बोलावलंय.