कॉल आधी विकायचा नाही

मार्केट यार्डातले हळदीचे एक शेठ आमचे जुने क्लायंट. एका शेअरमध्ये त्यांनी मंदी केली: फ्युचरचे दोन लॉट, म्हणजे १००० शेअर, ८१२ ला विकले. कॅशमध्ये शॉर्ट केलं तर त्याच दिवशी कापावं लागतं, म्हणून फ्युचर. मी हट्टाने ८४० चे तेवढेच कॉल, म्हणजे भाव कितीही चढला तरी ८४० ला घ्यायचा हक्क, शेअरमागे ११ रुपयांना घ्यायला लावले. "हे ११ हजार पाण्यात," शेठ म्हणाले. सांगलीत प्रीमियमला सगळे असंच म्हणतात आणि स्टॉपलॉसवर विसंबतात. पण स्टॉपलॉसची ऑर्डर संध्याकाळी संपते आणि सकाळचा भाव तिच्यावरून उडी मारून जातो.

तिसऱ्या दिवशी तसंच झालं. रात्री कंपनीची बातमी आली आणि मंदीवाले सगळे एकदम पळत सुटले. सव्वानऊला फ्युचर ९०५. विश्रामबागच्या ऑफिसात मी खुर्चीत नीट बसलोही नव्हतो, तोच फोन.

"अरे, कॉल पाचपट झालाय ना? विकून टाक. फ्युचर राहू दे, खाली येणारच."

"शेठ, कॉल विकला की तुमची मंदी उघडी पडली. आता ती वर गेली तर धरायला काही नाही."

आमचा हिशेब असा होता: ८१२ ते ८४० चे २८ आणि प्रीमियमचे ११, म्हणजे एक्स्पायरीला भाव कुठेही असो, तोटा शेअरमागे ३९ च्या वर नाही. पण हे एक्स्पायरीचं. त्या क्षणी स्क्रीनवर कॉलला घेणारा होता ५२ ला आणि विकणारा ७६ ला, खरी किंमत मात्र किमान ६५. घाईत ५२ ला दिला असता तर आमची मर्यादाच फुटत होती. शेअरच्या ऑप्शनमध्ये सकाळची दहा मिनिटं अशीच लुटीची असतात.

जोडी तशीच ठेवणंही सोपं नव्हतं. फ्युचरचा तोटा रोजच्या रोज रोखीत कापला जातो, कॉलचा नफा मात्र विकेपर्यंत नुसता दिसतो. नव्वद हजार भरायचे कुठून? शेठचे पैसे हळदीत अडकलेले.

म्हणून आधी फ्युचर घेतला, ९०२ ला. मग कॉल ६६ ला लावून बसलो. बाजार उलटला असता तर तेवढा वेळ कॉल अंगावर होता, पण त्यात जायचं ते मोजकंच. चार मिनिटांनी दोन्ही लॉट गेले. तोटा ३५ हजार.

दुपारी भाव ८७० ला आला. संध्याकाळी शेठ कागदावर हिशेब मांडूनच आले: सकाळी कॉल ५२ ला विकून फ्युचर आता कापला असता, तर तोटा १७ हजार. आकडा बरोबर होता. मी त्याखाली ९५० चा हिशेब लिहून दिला, ९७ हजारांचा. तो त्यांनी वाचलाच नाही. कागद अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.