किराणा तोट्यात आहे, असं मीच सहा वर्षं लिहीत होतो

सांगलीकडच्या एका तालुक्याच्या गावी मी चार-पाच दुकानांचे हिशेब बघतो. त्यातलं हे सगळ्यात मोठं. तळमजल्यावर पुढे किराणा, मागे भांडी, वर कापड. किराणा थोरले भाऊ बघतात, कापड धाकटे. भाडेकरार एक, वीजमीटर एक, गल्लाही एकच. तरी दर महिन्याला तिन्ही खात्यांचा वेगळा नफा-तोटा काढून द्यायचा.

मार्चचं पत्रक टेबलावर ठेवलं आणि धाकट्यांनी बोट ठेवलं. "अण्णा, किराणा महिन्याला चाळीस हजार खातो. बंद करू, जागा भाड्याने देऊ." अण्णा त्यांना काहीच बोलले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले.

तो आकडा माझा होता. सामायिक खर्च 2,40,000: भाडं 1,20,000, वीज 36,000, गल्ल्यावरची आणि गोदामातली माणसं धरून बाकी 84,000. टॅलीत प्रत्येक खात्याचं कॉस्ट सेंटर होतं आणि मी सगळं विक्रीच्या प्रमाणात वाटून मोकळा व्हायचो. तीस लाखांच्या विक्रीत किराणा अठरा लाखांचा, म्हणून साठ टक्के खर्च त्याच्या माथी. पण किराण्यात शंभराला आठ रुपये सुटतात, कापडात पंचवीस. साखर जास्त खपली म्हणून घरमालक भाडं वाढवत नाही, हे मला सहा वर्षं सुचलं नाही असं नाही. विक्रीचा आकडा आयता मिळत होता, एवढंच.

"चार दिवस द्या," म्हणालो.

भाडं जागेवर वाटायचं, हे सोपं. किराणा 900 चौरस फूट, भांडी 600, कापड 1,500. सरळ वाटलं तर किराण्याला 36,000 आणि कापडाला 60,000. पण रस्त्यावरचा फूट आणि जिना चढून जायचा फूट एका भावाचा कसा? आमच्या पेठेत वरचा मजला निम्म्या भाड्याने जातो. तळमजल्याला दुप्पट वजन दिलं, तेव्हा किराण्यावर 48,000 आले आणि कापड 40,000 वर उतरलं.

विजेला मात्र मी जीव लावला. पुस्तकात शिकवतात, दिव्यांचे पॉइंट मोजा. तसं केलं तर बिल कापडावर बसतं, कारण साड्यांना झगझगाट लागतो. किराण्यात दिवे थोडे, पण आइस्क्रीमचे फ्रीझर आणि कोल्ड्रिंकची कपाटं चोवीस तास चालतात. म्हणून रात्री साडेनऊला शटर ओढल्यावर मीटर बघितला आणि सकाळी साडेनऊला, काहीही चालू करायच्या आधी, पुन्हा. बारा तासांत बारा युनिट. दुकानात रात्री दुसरं काहीच चालत नाही, म्हणजे दिवसाला चोवीस युनिट नुसत्या थंडाव्याला, महिन्याला सव्वासातशेच्या आसपास. बिल 2,400 युनिटांचं. उरलेल्यातून वरचे एसी आणि दिवे तासांवर धरून किराण्यावर पंधरा हजारांच्या आत आले, कापडावर सतरा.

गल्ल्यावरच्या दोघांचा पगार बिलांच्या संख्येवर वाटला. पाचातली चार बिलं किराण्याची. हमालीला गोदामातल्या फेऱ्या मोजल्या, तिथेही किराणाच पुढे. इथे अण्णांचा चेहरा उतरला.

शेवटी निघालं ते असं. विक्रीवर वाटलं तर किराणा 40,000 तोट्यात. वीज-पगार नव्या पद्धतीने पण भाडं सरळ फुटांवर, तर दीडशे रुपये नफ्यात. वरच्या मजल्याचं भाडं निम्म्याने धरलं, तर 11,850 तोट्यात. महिना तोच, माल तोच, दुकानाचा एकूण नफा तिन्ही वेळा 26,000 च. अण्णांना दुसरा कागद आवडला, धाकट्यांना पहिला. तिसरा कुणालाच नको होता आणि मला तोच खरा वाटतो.

पण बंद करायचा प्रश्न या तिन्ही कागदांवर सुटतच नव्हता. चौथा कागद काढला. किराण्याचा ढोबळ नफा 1,44,000, त्यातून त्याच्याच माणसांचे 40,000 गेले की 1,04,000 उरतात. किराणा बंद केला तर हे जातात. वाचतं काय? त्याची वीज, गल्ल्यावरचा एक माणूस, गोदामातला एक. मिळून पंचेचाळीस हजारांच्या आत. भाडं एक रुपयाने कमी होत नाही. म्हणजे ती जागा महिना 59,000 च्या वर गेली तरच बंद करण्यात अर्थ. आणि किराण्याला आलेली बाई जाता जाता डबा घेते, ते यात धरलेलंच नाही.

धाकट्यांनी तिथूनच दलालाला फोन लावला. त्याने पंचेचाळीस सांगितले. विषय संपला.

त्यांचा संपला. गेल्या दिवाळीनंतर माझ्या पहिल्या पद्धतीचा कागद बघून अण्णांनी किराण्याच्या काउंटरवरचा एक पोरगा कमी केला होता. तो आता बायपासच्या पंपावर असतो. गाडीत पेट्रोल टाकताना दर वेळी विचारतो, "साहेब, अण्णांचं दुकान आलं का नफ्यात?"