रिकामी भिंत की भरलेली: चार आठवड्यांचा माझा अनुभव

बरीच वर्षं मी स्वतःला मिनिमलिस्ट समजत होते. पांढऱ्या भिंती आणि मोकळी टेबलं असलेले फोटो पाहिले की जीव शांत व्हायचा. आमचा हॉल मात्र गच्च भरलेला होता. नुसते फोटो पाहून आपला स्वभाव ठरवायचा नाही, एकदा खरंच करून बघायचं, असं मी ठरवलं.

एका रविवारी हॉलमधलं फर्निचर आणि पुस्तकं तशीच ठेवून बाकी मांडलेलं, टांगलेलं सगळं उतरवलं. मोजलं तर ८६ वस्तू निघाल्या. त्या खोक्यांत भरल्या आणि खोक्यांवर तारीख टाकली. वहीच्या एका पानावर दोन रकाने आखले, ‘लागली’ आणि ‘आठवली’. एखाद्या वस्तूसाठी खोकं उघडावं लागलं तर ती पहिल्या रकान्यात लिहायची. काही काम नसताना मनात आली तर दुसऱ्या.

पहिला आठवडा छान गेला. दुसऱ्या आठवड्यात संध्याकाळी घरी आल्यावर हॉलमध्ये बसावंसंच वाटेना, मी सरळ आतल्या खोलीत जाऊ लागले. दमून आल्यावर आपण कुठे जाऊन बसतो, हे मला वहीतल्या नोंदींइतकंच महत्त्वाचं वाटतं. तिथे आपण ठरवून वागत नसतो.

चार आठवड्यांनी ‘लागली’मध्ये १९ वस्तू होत्या. कात्री, चार्जर, चष्म्याची घरं, बिलांची फाइल असलं सगळं. ही सजावट नव्हतीच. त्यांना खण हवा होता आणि आमच्या हॉलमध्ये एकही बंद कपाट नव्हतं. माझं घर आजवर पसरलेलं का दिसायचं, ते इथे कळलं. मोकळी खोली मोकळी राहते ती बंद कपाटांच्या जोरावर. ती नसतील तर रिकाम्या टेबलावर एक चार्जरसुद्धा खुपतो. मिनिमल सजावट करणाऱ्याने आधी खणांची जागा मोजावी, रंग नंतर निवडावा.

‘आठवली’मध्ये ३१ वस्तू आल्या. चित्रं, नदीकाठून आणलेले दगड, मातीची भांडी, आजीची काचेची बाटली. उरलेल्या ३६ मला आठवल्याही नाहीत. हा दुसरा रकाना चार-पाच वस्तूंवर थांबला असता, तर मी खुशाल रिकाम्या भिंतींकडे गेले असते. एकतीस म्हटल्यावर प्रश्नच मिटला. शिवाय माझ्या वस्तू लहान आणि पुष्कळ आहेत. मोकळ्या जागेत एखादं मोठं चित्र किंवा भारदस्त खुर्ची शोभते, बोटभर दगड एकटा ठेवला तर विसरून राहिल्यासारखा दिसतो.

मग त्या ३१ वस्तू पुन्हा मांडल्या आणि सगळं पूर्वीसारखंच गिचमिड दिसू लागलं. फोनवर खोलीचा फोटो काढून तो कृष्णधवल केला तेव्हा चूक सापडली. सगळीकडे सारखेच ठिपके होते, नजर कुठे ठरतच नव्हती. वस्तू जास्त असण्यापेक्षा त्या सारख्या अंतरावर विखुरलेल्या असण्याचा तो त्रास होता. मग सगळे दगड एकाच ताटात आले आणि भांडी एका फळीवर. चित्रं आधी जमिनीवर जुळवून पाहिली. टांगताना दोन चौकटींमध्ये पाच-सहा सेंटिमीटर अंतर ठेवलं आणि सगळ्या गटाचा मध्य जमिनीपासून साधारण १५० सेंटिमीटरवर, म्हणजे उभ्या माणसाच्या नजरेच्या आसपास आणला. बाटलीचा निळा रंग उशीत आणि एका चौकटीत पुन्हा घेतला. एवढ्यानेच त्या सगळ्या वस्तू एका घरच्या वाटू लागल्या.

धुळीचंही सांगायला हवं. या ३१ वस्तू पुसायला मला आठवड्याला अर्धा तास लागतो. मला तो आवडतो, कारण वस्तू हातात घेतल्या जातात. ज्याला तो जाच वाटेल त्याने काचेचं कपाट घ्यावं, नाहीतर वस्तू कमी कराव्यात.

हे सगळं माझ्यापुरतं झालं. नवरा त्याच हॉलमध्ये काम करतो. चित्रांची भिंत त्याच्या समोर आली, तेव्हा दोन दिवसांनी तो म्हणाला, “मला वाक्य पूर्ण करता येत नाहीये गं.” मग त्याचं टेबल फिरवलं. चित्रं आता त्याच्या पाठीशी आणि माझ्या सोफ्याच्या समोर आहेत. त्याच्यासमोरच्या भिंतीवर काहीच नाही. तिथे एक जुना खिळा होता, तोही त्याने काढून भोक बुजवून घेतलं.