आमची वाटचाल: सळसळ लिहायची कशी?

बेळगावच्या टिळकवाडीत पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, चार माणसं आणि दुपारी हमखास जाणारी लाईट, असा आमचा कारभार आहे. सुरुवात शाळांसाठी फ्लॅश या सॉफ्टवेअरमध्ये शैक्षणिक खेळ करण्यापासून झाली. २०२० च्या शेवटी अडोबीनं फ्लॅश कायमचं बंद केलं आणि आमचं सगळं जुनं काम एका रात्रीत भंगारात गेलं. मग उद्यमबागेतल्या कारखान्यांसाठी सुरक्षेचे ॲनिमेशनपट केले. हातमोजे घाला, चष्मा लावा, लेथच्या फिरत्या चकजवळ सैल बाही नको, या थाटाचे. पैसे वेळेवर मिळायचे, त्यामुळे त्या कामाबद्दल माझी काही तक्रार नाही. आमचा पहिला स्वतःचा गेम उभा राहिला तोही त्याच पैशावर.

गेम राखणीचा आहे. खानापूर तालुक्यात जंगलाला लागून शेत असलं की रात्री शेतातल्या माळ्यावर, म्हणजे मचाणावर, बसावं लागतं. रानडुक्कर, गवा, कधी हत्तीसुद्धा येतो. खेळणारा माळ्यावर बसलेला असतो, हातात बॅटरी आणि पत्र्याचा डबा. अंधारात काही दिसत नाही, कानानं अंदाज घ्यायचा. सळसळ ज्या बाजूनं येईल तिकडे बॅटरी मारायची, डबा बडवायचा. शेजारच्या माळ्यावरून आजोबा ओरडून सांगत असतात. म्हणजे सगळा खेळ आवाजावर, आणि खरी गोष्ट इथूनच सुरू होते.

खेळून बघायला आम्ही ओळखीतल्यांना बोलावलं. त्यात उद्यमबागेत बरीच वर्षं लेथवर काम केलेले एक मामा होते. उजव्या कानानं त्यांना जवळजवळ ऐकू येत नाही. हेडफोन लावून थोडा वेळ खेळले आणि म्हणाले, "उजवीकडचं डुक्कर येतंय कवा नि खाऊन जातंय कवा, कायबी कळत नाही बघा. खरं डबा वाजवायला मजा येते." दुसरी एक खानापूरकडची मुलगी, जन्मापासून ऐकू न येणारी. ती सगळीकडे नुसती बॅटरी फिरवत बसली. तिच्या दृष्टीनं तो गेम नव्हताच, काळा पडदा होता.

मामांसाठी पहिला उपाय सोपा होता. डाव्या-उजव्या कानाचा आवाज एकत्र करणारं मोनोचं बटण दिलं, म्हणजे चांगल्या कानाला सगळं पोचतं. पण एकत्र झाल्यावर दिशा जाते, आणि आमच्या गेममध्ये दिशाच तर ओळखायची असते. म्हणून आवाज शब्दांत लिहून दाखवणं भाग पडलं. मोठ्या कंपन्यांनी हे आधी केलेलं आहे. २००४ च्या हाफ-लाइफ २ मध्ये बोलण्याबरोबर आवाजांचीही कॅप्शन होती. फोर्टनाइटमध्ये पावलं आणि गोळीबाराची दिशा पडद्यावर खुणेनं दिसते. आम्ही दोन्ही एकत्र केलं. पडद्याच्या मधोमध एक पुसट वर्तुळ, त्याच्या कडेवर आवाजाच्या दिशेला बाण, आणि खाली शब्द.

आता शब्द काय लिहायचे? पहिल्या फेरीत आमच्या पोरानं लिहिलं, [रानडुक्कर, उजवीकडे]. वाचायला छान, पण हा अन्याय उलट्या बाजूनं झाला. ऐकू येणाऱ्याला नुसती सळसळ ऐकू येते. ते डुक्कर आहे, गवा आहे की शेजाऱ्याचं कुत्रं, हे त्याला बॅटरी मारूनच कळतं. वाचणाऱ्याला मात्र उत्तर आधीच हातात. त्यामुळे नियम ठरला की कानाला जेवढं कळतं तेवढंच लिहायचं. [उसात सळसळ, लांब] मग [उसात सळसळ, जवळ] आणि मग [ऊस मोडतोय]. ऐकणाऱ्याला आवाज मोठा होत गेल्यानं जे समजतं ते वाचणाऱ्याला लांब-जवळ या शब्दांतून समजतं.

दुसरी अडचण गर्दीची. रात्रीचं शेत गप्प नसतं. वारा, बेडूक, रातकिडे, लांबून जाणारी गाडी. सगळ्याला कॅप्शन दिली तेव्हा पडदा एसटी स्टँडवरच्या फळ्यासारखा भरला आणि खरी सळसळ त्यात हरवली. आता आवाजांचे दोन गट आहेत. कायम चालणारा आवाज सुरू झाला की एकदा आणि थांबला की एकदा, एवढंच येतं. धोक्याचा आवाज दर वेळी येतो आणि जागा कमी पडली तर आधीचा मजकूर हटवून येतो. थांबल्याची कॅप्शन आम्हाला सुरुवातीला फालतू वाटली होती. पण जनावर जवळ आलं की रातकिडे एकदम बंद पडतात, आणि मुरलेला खेळाडू त्यावरच सावध होतो. त्या मुलीला [रातकिडे थांबले] दिसायला लागलं तेव्हापासून ती सळसळीच्या आधीच बॅटरी उचलते. तिची बॅटरी फिरणं थांबलं आणि नेम लागायला लागला, यावरून आम्हाला कळलं की कॅप्शन काम करतेय. "आवडलं का?" असं विचारून काही कळत नाही. लोक भिडेखातर हो म्हणतात.

पुढचा डोंगर देवनागरीचा होता. आम्ही तेव्हा गेम युनिटी या इंजिनात बनवत होतो आणि त्यातलं मजकूर दाखवणारं टेक्स्टमेश प्रो आपल्या लिपीसाठी बनलेलंच नाही. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी यायच्या ऐवजी नंतर यायची, जोडाक्षरं पाय मोडून सुटी पडायची. ऐकू येणारा माणूस तसलं वाचून आवाजावरून सावरून घेतो. जिला फक्त वाचायचंय तिनं काय करायचं? वरून पॅच मारून मराठी बरी दिसली, तरी कन्नड बिघडायची, आणि बेळगावात गेम काढून कन्नड ठेवायची नाही हे धंद्याला परवडत नाही. मार्च २०२३ मध्ये गोडो ४ हे दुसरं गेम इंजिन आलं. त्यात हार्फबझ नावाची मजकूर जुळवणारी लायब्ररी आतच आहे. सगळा गेम उचलून तिकडे नेला. काही महिने घरखर्च ॲनिमेशनवर चालला, पण दोन्ही लिप्या सरळ दिसायला लागल्या.

तरी एक किडा उरला. आजोबांचं बोलणं टाइपरायटरसारखं एकेक अक्षर उमटत जायचं. संगणक मात्र अक्षर मोजत नाही, चिन्हं मोजतो. "क्षि" हे आपल्या डोळ्याला एक अक्षर, त्याच्या लेखी चार चिन्हं: क, हलन्त, ष, वेलांटी. त्यामुळे पडद्यावर आधी क, मग पाय मोडका क्, मग क्ष आणि शेवटी क्षि असा थयथयाट व्हायचा. ओळीच्या टोकाचा शब्द अर्धा उमटून खालच्या ओळीत उडी मारायचा ते वेगळंच. गोडोत त्यावर एक सेटिंग आहे, मूळ किमतीऐवजी हे द्यायचं:

```
label.visible_characters_behavior = TextServer.VC_CHARS_AFTER_SHAPING
```

म्हणजे आधी पूर्ण वाक्य जुळवायचं, मग त्यातलं थोडं थोडं दाखवायचं. अक्षर अख्खं उमटतं आणि शब्द जागचा हलत नाही. शिवाय हा सगळा प्रकार बंद करून वाक्य एकदम दाखवायचाही पर्याय ठेवला. सावकाश वाचणारे बहुतेक तोच घेतात.

वेगाबद्दल. इंग्रजी टीव्हीसाठी बीबीसी मिनिटाला १६० ते १८० शब्द सांगते. मराठीला हे माप लावता येत नाही, कारण "शेजाऱ्यांच्यासुद्धा" हा आपला एकच शब्द असतो. आम्ही सेकंदाला दहा अक्षरांच्या आत राहतो, एका वेळी दोनच ओळी, आणि धोका नसेल तेव्हा खेळणाऱ्यानं बटण दाबेपर्यंत वाक्य हलत नाही. धावपळीत आजोबांना तीन-चार शब्दांवर आणलं. "पोरा, बांधाकडं बघ!" पुरे. आजोबांचा आवाज देणारे गृहस्थ जरा नाराज झाले, त्यांनी लांबलचक शिव्या तयार करून आणल्या होत्या.

१०८० पिक्सेल उंचीच्या पडद्यावर मजकूर मुळातच ४८ पिक्सेलचा आहे, ७२ पर्यंत वाढवता येतो. अक्षरांना काळी कड देऊन बघितली, पण द्ध, क्ष यांच्या पोटातली जागा बुजून ठिपका होतो. म्हणून कड काढली आणि मागे गडद पट्टी टाकली. दोन ओळींत अंतरही इंग्रजीपेक्षा जास्त सोडावं लागतं, नाहीतर वरचा उकार खालच्या मात्रेत घुसतो.

रंगाचं थोडक्यात सांगतो. बॅटरीत जनावरांचे डोळे चमकतात. चित्रकारानं गव्याचे हिरवट आणि रानमांजराचे तांबूस केले होते. लाल-हिरव्यातला फरक न दिसणाऱ्याला दोन्ही सारखेच. पूर्ण पडद्याचा रंग बदलणारा फिल्टर लावला तर अंधारातलं शेतच धुऊन निघालं. शेवटी रंग तसाच ठेवून गव्याचे डोळे उंचावर आणि लांब लांब, मांजराचे जमिनीलगत आणि जवळ जवळ, असं केलं. त्या पर्यायासाठी वेगळं बटणच लागलं नाही. रानडुकराचे डोळे तर चमकतच नाहीत, त्याच्या डोळ्यात तो परावर्तक पडदाच नसतो. ते आम्ही आहे तसं ठेवलंय, खानापूरकरांनी लगेच ओळखलं.

बटणांचंही तसंच. सगळ्या कळा खेळणाऱ्याला बदलता येतात, पण "डबा वाजवण्यासाठी स्पेस दाबा" हे वाक्य जर तसंच राहिलं तर बदलण्याचा उपयोग शून्य. त्यामुळे सूचनेतलं कळीचं नाव नेमलेल्या कळीवरूनच येतं. भराभर दाबण्याऐवजी नुसतं दाबून धरलं तरी डबा वाजतो. मामांनी हाच पर्याय घेतला. बोटं आखडतात म्हणाले.

गेम स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानात आहे. शंभर डॉलर फी भरायची आणि विक्रीतले तीस टक्के त्यांचे. २०२५ पासून सबटायटल, मजकुराचा आकार, रंगाचे पर्याय अशा सोयी तिथे गेमच्या पानावर रीतसर नोंदवता येतात आणि गिऱ्हाईक त्यावरून शोधू शकतं. आमची विक्री त्यानं फार उडाली असं नाही, पण आधी जे लोक मेल करून "कॅप्शन आहे का" विचारायचे ते आता सरळ विकत घेतात.

सध्या कन्नडचं काम चाललंय. तिथे [उसात सळसळ, लांब] पहिल्या ओळीत मावत नाही, म्हणून ओळ कुठे तोडायची ते प्रत्येक ठिकाणी हातानं ठरवतोय. एक कन्नड मास्तर संध्याकाळी शाळा सुटल्यावर येतात, चहा घेतात आणि गव्याच्या फुरफुरण्याला आमचा शब्द चुकीचा आहे म्हणून आमच्या पोराशी भांडतात. ते मिटलं की अपडेट टाकू.